जुन्या फोटोवर तुटलेल्या मैत्रिणीची प्रतिक्रिया : सौजन्य राखून अंतर कसे ठेवावे?

किनारा_मालवण

माझ्या वडिलांचा रापण ओढतानाचा एक फोटो मी 2016 मध्ये फेसबुकवर लावला होता. त्यांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी लावल्यामुळे त्याखाली नातेवाइकांनी, वाडीतल्या लोकांनी आणि रापणीवरच्या त्यांच्या सोबत्यांनी बरेच काही लिहिले होते आणि मी प्रत्येकाला दोन-तीन ओळींचे उत्तर दिले होते. परवा रात्री त्याच फोटोखाली माझ्या एका जुन्या मैत्रिणीने लिहिले, "काकांची आठवण इली गे. खूप दिस झाले बोलाक नाय. नंबर तोच आसा मा?"

आम्ही दोघींनी मिळून आगळ, आमसुले आणि मसाल्यांचा छोटा धंदा चालवला होता. हिशेबावरून तो मोडला आणि ती ग्राहकांची वही घेऊन वेगळी झाली. पैसे नंतर मिळाले, परंतु बोलणे बंद झाले ते आजपर्यंत. मला भांडण उकरायचे नाही आणि मैत्रीही पुन्हा जोडायची नाही. मात्र तिचे माहेर आमच्याच वाडीत आहे, चतुर्थीला ती हमखास येते आणि आरतीला आम्ही समोरासमोर उभ्या राहणार आहोत. त्यामुळे काहीच न लिहिणे मला योग्य वाटत नाही. मी पुढील मसुदा केला आहे, तो अद्याप टाकलेला नाही:

"तुझी कमेंट बघून खूप बरं वाटलं! कशी आहेस? खरंच किती दिवस झाले. सध्या जरा धावपळ आहे, नंतर नक्की बोलू."

हा वाचून आपल्याला काय वाटते, ते कृपया सांगावे.

माई_गुहागर

बाळा, मसुदा फार चांगला आहे. तिने पहिले पाऊल टाकले आहे, तर तूही टाकावेस. चतुर्थीच्या आधी मने मोकळी झाली तर घरातल्या गणपतीसमोर दोघींना बरे वाटेल. फोन कर आणि सरळ बोलून टाक.

किनारा_मालवण

माई, आपल्या शब्दांमागची माया कळते, परंतु माझा प्रश्न समेट कसा करावा हा नाही. समेट करायचा नाही, हे ठरलेले आहे. तरीही तिला चारचौघांत दुखवू नये आणि वडिलांच्या फोटोखाली कडवटपणा येऊ नये, इतकेच मला हवे आहे.

देवगडचा_बागायतदार

यावर सोपा उपाय आहे. पोस्टवरच्या तीन टिंबांवर जाऊन ती कोणाला दिसावी हे बदलून 'ओन्ली मी' करावे. पोस्ट फक्त आपल्याला दिसेल, उत्तर देण्याचा प्रश्नच उरणार नाही आणि तिला कोणतीही सूचना जाणार नाही. आठ-पंधरा दिवसांनी विषय थंडावला की पुन्हा पूर्ववत करता येते.

खाडीपलीकडे

बागायतदारांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. सूचना जात नाही हे खरे, परंतु स्वतःच्या प्रतिक्रियेला उत्तर आले का, हे पाहायला ती पुन्हा येणारच आणि तिथे पोस्टच नसेल. मग पोस्ट नाहीशी होणे हेच तिला उत्तर वाटेल, तेही लेखी उत्तरापेक्षा कठोर. शिवाय त्या फोटोखाली इतरांनी वडिलांविषयी लिहिलेले सगळे त्यांच्याही नजरेआड होईल. तिची एकटीची प्रतिक्रिया काढून टाकली तरी परिणाम तोच होतो. गावात असे काढलेले लपत नाही, कारण तोवर ती कोणी ना कोणी वाचलेली असते.

आता मसुद्याकडे वळते. मी बरीच वर्षे आमच्या मंडळाचा पत्रव्यवहार आणि फेसबुकचे पान सांभाळत आहे, त्यामुळे अशी उत्तरे लिहिण्याची सवय आहे. आपल्या मसुद्यात अंतर राखणारे एकच वाक्य आहे, ते म्हणजे धावपळीचे, आणि नेमके तेच सर्वांत कच्चे आहे. बाकी सगळी वाक्ये दार उघडणारी आहेत. 'कशी आहेस?' विचारले की तिला उत्तर देणे भाग आहे आणि तिच्या उत्तरावर पुन्हा आपल्याला. 'खरंच किती दिवस झाले' लिहिल्याने बोलणे बंद असल्याची खंत आपल्यालाही आहे, असा अर्थ निघतो. 'नंतर नक्की बोलू' हे तर वचनच झाले, आणि ते पाळले नाही तर चतुर्थीला ती त्याचीच आठवण काढेल. धावपळीचे कारण दिले की धावपळ संपण्याची वाट पाहिली जाते, आणि वाडीत कोणाला किती धावपळ आहे हे सर्वांना दिसत असते.

तिच्या तीन वाक्यांत तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले वाक्य आपल्या वडिलांविषयी आहे आणि ते त्या फोटोखाली शोभते. दुसरे आपल्या दोघींच्या अबोल्याविषयी आहे आणि तिसरे पुढे बोलण्याविषयी. फोटोखाली उत्तर द्यायचे ते पहिल्याचे द्यावे, मनापासून आणि पुरेसे द्यावे. तेवढे भरभरून दिले की उरलेल्या दोन गोष्टींना हात न लावणे कोणाला तुटक वाटत नाही.

चाकरमानी_परळ

माझा अनुभव सांगतो. माझ्या एका मित्राने बऱ्याच वर्षांनी माझ्या जुन्या पोस्टवर वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, मी लगेच हात जोडलेले चिन्ह टाकले आणि मोकळा झालो. पुढे काहीच झाले नाही. इतका विचार करण्याचे कारण मला कळत नाही. सरळ 'धन्यवाद' लिहावे.

खाडीपलीकडे

वाढदिवसाच्या शुभेच्छांना धन्यवाद पुरते, कारण तिथे सर्वांनाच तेवढे उत्तर दिलेले असते. येथे मात्र बाकी प्रत्येकाला दोन-तीन ओळी लिहिलेल्या आहेत, असे धागाकर्तीने सांगितले आहे. त्या रांगेत एकटीलाच एक शब्द मिळाला तर तो सर्वांच्या डोळ्यांत भरेल. त्याच पोस्टवर एखाद्या लांबच्या चुलतभावाला जेवढे लिहिले असेल, तेवढेच हिला लिहावे. त्याहून जास्त नको आणि कमीही नको.

सुमन_सावंतवाडी

मला एक विचारायचे आहे. ती मालवणीत लिहिते आहे आणि 'गे' म्हणते आहे. आपण प्रमाण मराठीत उत्तर दिले तर तेच तिला लागणार नाही का? आणि तू म्हणायचे की तुम्ही?

किनारा_मालवण

सुमनताईंनी माझ्या मनातली अडचण मांडली. ती आणखी अवघड आहे, कारण 2016 मध्ये याच फोटोखाली तिने लिहिले होते आणि मी तिला मालवणीत, अगदी 'गो बाय' म्हणत उत्तर दिले होते. ते अजून तिथेच आहे. माझे नवे उत्तर वाचणाऱ्याला दोन्ही एका ठिकाणी दिसतील.

खाडीपलीकडे

'तुम्ही' मुळीच नको. लहानपणापासूनच्या मैत्रिणीला चारचौघांत 'तुम्ही' म्हणणे म्हणजे भांडण जाहीर करणे आहे. 'तू' लिहिले तर चालेल, परंतु जुन्या उत्तराशेजारी ते लगेच पूर्वीसारखे ऐकू येईल. मराठीत यातून वाट आहे. 'आठवण ठेवलीस' म्हटले की तू आली, 'ठेवलीत' म्हटले की तुम्ही आले, परंतु 'आठवण अजून निघते हे वाचून बरं वाटलं' असे लिहिले की कोणीच आले नाही आणि वाक्य अडखळलेही नाही. मात्र प्रत्येक वाक्य असेच केले तर ते सरकारी पत्रासारखे होईल. म्हणून मधले एक वाक्य वडिलांविषयी लिहावे, ज्यात समोरच्या व्यक्तीला हाक मारण्याची गरजच पडत नाही.

बोलीबाबत माझे मत असे की उत्तर प्रमाण मराठीत द्यावे. मालवणीत लिहिले की आवाज आपोआप घरातला होतो आणि आपल्याला तर ओसरीवरच थांबायचे आहे.

सुमन_सावंतवाडी

बोलीविषयी मी सहमत नाही. दोघींची घरची भाषा एकच असताना एकीने अचानक पुस्तकी मराठी धरली, तर वाडीतले लोक म्हणतील की ही आता मोठी झाली. माझ्या मते मालवणीतच, परंतु मोजके लिहावे. अंतर किती लिहिले यावरून कळते. कोणत्या बोलीत लिहिले यावरून नव्हे.

देवगडचा_बागायतदार

पोस्टविषयी मी घाईत लिहिले होते, ते सोडून द्यावे. नंबरच्या प्रश्नाचे मात्र काय करायचे? तो सरळ विचारलेला प्रश्न आहे. उत्तर दिले नाही तर तो तसाच लोंबकळत दिसेल.

किनारा_मालवण

त्यात एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या शाळेच्या तुकडीचा व्हॉट्सॲप गट आहे आणि त्यात आम्ही दोघीही आहोत. माझा नंबर तिला तिथे दिसतो. तो बदललेला नाही.

खाडीपलीकडे

मग ती नंबर विचारत नाही. फोन केला तर उचलशील का, हे विचारते आहे. आणि याचे उत्तर फोटोखाली देता येत नाही, कारण 'हो' म्हटले तर फोन येणार आणि 'नको' म्हटले तर तो चारचौघांत केलेला नकार होणार. तशीही उघड पोस्टवर स्वतःच्या नंबरविषयी काही लिहू नये. तो प्रश्न तिथे अनुत्तरित राहू द्यावा. लोक असे प्रश्न वाचतात आणि खासगीत सांगितले असेल असे समजून पुढे जातात.

तिने खासगीत पुन्हा विचारले तर मात्र गप्प राहू नये. आपण दोघी फेसबुकवर अजून एकमेकींच्या यादीत आहात का? कारण यादीत नसाल तर तिचा संदेश 'मेसेज रिक्वेस्ट'मध्ये जाईल आणि आपण तो स्वीकारेपर्यंत वाचल्याचे तिला कळणार नाही. यादीत असाल तर वाचताच कळेल आणि मग फार वेळ घेता येणार नाही.

किनारा_मालवण

यादीत आहोत. काढून टाकण्याचे मी कधी मनावर घेतले नाही, कारण तेही लोकांच्या लक्षात येते. दुसरा मसुदा देत आहे:

"बाबांच्या रापणीची आठवण अजून निघते हे वाचून बरं वाटलं. हा फोटो त्यांच्या शेवटच्या हंगामातला आहे. दोर पकडणाऱ्यांच्या रांगेत ते नेहमी पाण्याजवळच्या टोकाला उभे राहायचे आणि तिथूनच हाक द्यायचे. आईलाही ही कमेंट दाखवली, तिला भरून आलं. घरी सगळ्यांना नमस्कार."

खाडीपलीकडे

हा योग्य आहे. पाण्याजवळच्या टोकाचे वाक्य तर फारच चांगले आहे, कारण त्यात माया आहे आणि ती सगळी वडिलांकडे जाते. 'घरी सगळ्यांना नमस्कार' हा आपल्याकडच्या पत्राचा शेवट आहे, तो वाचल्यावर बोलणे संपले हे कोणालाही न दुखावता कळते.

आईचे वाक्य तेवढे काढावे. आईला भरून आले, असे वाचले की मैत्रीण आईला भेटायला येईल किंवा फोन करील, आणि ते चुकीचेही ठरणार नाही. मग आपण राखलेले अंतर आईच्या वाटेने ओलांडले जाईल. आईला तिच्याशी बोलायचे असेल तर तो आईचा प्रश्न आहे, परंतु तसे आमंत्रण आपल्या उत्तरातून जाऊ नये.

आणखी एक गोष्ट. मसुदा आधी दुसरीकडे लिहून, रात्रभर ठेवून मगच टाकावा. फेसबुकवर प्रतिक्रिया नंतर बदलता येते, परंतु ती बदलल्याची खूण तिथे दिसते आणि आधी काय लिहिले होते तेही उघडून पाहता येते. 'खूप बरं वाटलं'मधला 'खूप' नंतर काढला, हे तिने पाहिले तर मूळ उत्तरापेक्षा तेच जास्त बोलेल.

चाकरमानी_परळ

किती वेळाने उत्तर द्यावे, यालाही काही अर्थ असतो का? मी लगेच दिले होते.

खाडीपलीकडे

असतो, परंतु फार नाही. रात्री आलेल्या प्रतिक्रियेला पाच मिनिटांत उत्तर गेले तर तिथल्या तिथे गप्पा सुरू होतात, कारण दोघेही त्याच वेळी फोन हातात धरून असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दिलेले उत्तर शांतपणे दिलेले वाटते. आठवडा गेला तर मात्र लोकांना वाटते की उत्तर द्यावे की नाही यावर खल चालला होता.

किनारा_मालवण

आईचे वाक्य काढून आज सकाळी उत्तर टाकले. बोलीविषयी सुमनताईंचे म्हणणे मनात होते, तरीही प्रमाण मराठीतच लिहिले, कारण मालवणीत लिहायला बसले की माझे हात जुन्याच वळणावर जात होते.

दुपारपर्यंत दोन गोष्टी घडल्या. तिने माझ्या उत्तराला बदामाचे चिन्ह दिले आणि खाली लिहिले, "बरा वाटला. चवथीक येतलंस मा घराक?" त्याच्याही खाली माझ्या मावशीने लिहिले, "बरा झाला, दोघी परत बोलाक लागल्यात." मावशीच्या वाक्याने मी फार अस्वस्थ झाले आहे. तिला तिथेच खुलासा द्यावा असे वाटते.

खाडीपलीकडे

तिथे खुलासा देऊ नये. 'नाही, तसे काही नाही' लिहिले की अबोला आहे हे सर्वांना लेखी कळेल आणि मैत्रिणीचा अपमान मावशीच्या निमित्ताने होईल. मावशीला फोन करून सांगावे की फोटो बाबांचा आहे, त्याखाली आमच्या दोघींविषयी काही लिहू नये. मावशीने स्वतःहून ते वाक्य काढले तर उत्तम, नाही काढले तरी त्यावर काही लिहू नये. जुन्या पोस्टवर नवे लिहिले गेले की ती इतरांच्या नजरेसमोर पुन्हा येत राहते, म्हणून आपण जितके कमी लिहू तितकी ती लवकर खाली जाईल.

मैत्रिणीच्या दुसऱ्या वाक्याला नुसते आवडल्याचे चिन्ह द्यावे. एकदा पुरेसे उत्तर दिलेले असले की दुसऱ्या वेळी चिन्ह पुरते.

सुमन_सावंतवाडी

येथे मला अडचण दिसते. चतुर्थीला घरी येशील का, या प्रश्नाला अंगठा दिला तर त्याचा अर्थ 'येते' असा होतो. मी तिच्या जागी असते तर पानात वाढून वाट पाहिली असती.

देवगडचा_बागायतदार

सुमनताईंचे बरोबर आहे. आमच्याकडे आमंत्रणाला मान हलवणे म्हणजे होकारच.

खाडीपलीकडे

हे मान्य आहे, माझ्या ते लक्षात यायला हवे होते. मग चिन्ह नको. 'चतुर्थीच्या सर्वांना शुभेच्छा, आरतीला भेट होईलच' असे एक वाक्य लिहावे. घरोघर फिरणाऱ्या आरतीला वाडीतले सर्वच असतात, त्यामुळे ती भेट दोघींची वेगळी भेट ठरत नाही, आणि घरी येण्याला होकार दिल्यासारखेही होत नाही.

माई_गुहागर

आता मला प्रश्न नीट कळला. तरी एक सांगते. आरती फिरत फिरत तिच्या घरी जाईल तेव्हा तू ओटीवरून परत फिरू नकोस. देवाचे दर्शन घे, हातावर प्रसाद घे आणि सर्वांबरोबर नीघ. तिच्या घरात पाय ठेवला म्हणजे मैत्री जोडली असे कोणी समजत नाही, परंतु ओटीवर थांबलीस तर वाडी वर्षभर बोलेल.

किनारा_मालवण

माई, हे मी लक्षात ठेवीन. आरतीचे वाक्य लिहिले आहे आणि त्या पोस्टच्या सूचना माझ्यापुरत्या बंद केल्या आहेत. मावशीशी बोलणे झाले. ती रागावली, परंतु तिने लिहिलेले काढले.

आता संध्याकाळी तिचा खासगी संदेश आला आहे, "फोन करू?" आधी मनात आले होते की 'सध्या नको' म्हणावे. मात्र 'सध्या' म्हटले की पुन्हा वाट पाहणे आले. म्हणून असे लिहीत आहे: "फोनवर बोलणं मला नको वाटतं, ते राहू दे. तुझ्याविषयी मनात राग नाही. चतुर्थीला आरतीत भेटू." येथे तिसरे कोणी वाचणार नसल्यामुळे 'तू' ठेवले आहे.

चाकरमानी_परळ

'राग नाही' लिहिले तर ती विचारेल की मग फोन का नको. ते वाक्य काढावे, असे मला वाटते.

सुमन_सावंतवाडी

मला तर तेच वाक्य सर्वांत आवश्यक वाटते. ते काढले तर उरते काय? नुसता नकार.

खाडीपलीकडे

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. राग खरोखर नसेल तरच ते वाक्य ठेवावे आणि तिने 'मग का नको' विचारले तर त्याला उत्तर देण्याची तयारी आधी करावी. वही आणि हिशेबाचा विषय मात्र त्या उत्तरात आणू नये.

किनारा_मालवण

राग खरोखर उरलेला नाही, म्हणून वाक्य ठेवले आणि संदेश पाठवला. तिने वाचल्याचे दिसते. अजून उत्तर आलेले नाही.